रेपो दराची बातमी गृहकर्जदारांसाठी कशी लिहावी: अर्थविभागांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रे आणि वृत्तवाहिन्यांच्या अर्थविभागांतील संपादक व वार्ताहर यांस,

सप्रेम नमस्कार.

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक साधारणपणे दर दोन महिन्यांनी होते आणि शेवटच्या दिवशी सकाळी गव्हर्नर तिचा निर्णय वाचून दाखवतात. त्यानंतर तासाभरात आपल्याकडे जी बातमी झळकते, तिचा मथळा बहुतेक वेळा तीनपैकी एक असतो. दर कमी झाला तर ‘गृहकर्जाचा हप्ता घटणार’, वाढला तर ‘हप्ता महागणार’ आणि बदलला नाही तर ‘कर्जदारांना दिलासा नाही’. मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही ओळखीच्या कुटुंबांना कर्जाची खातेपत्रके वाचून समजावून देतो. त्या अनुभवाच्या आधारे मला आपल्यापुढे एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज असलेल्या घरांसाठी हे तिन्ही मथळे बहुतेक वेळा चुकीचे ठरतात आणि त्यामुळे कर्जदार ज्या ठिकाणी पाहायला हवे तिथे न पाहता भलतीकडेच पाहत राहतो.

उदाहरणासाठी 6 जून 2025 ची घोषणा घेऊ. त्या दिवशी समितीने रेपो दर 6 टक्क्यांवरून 5.50 टक्क्यांवर आणला. फेब्रुवारीत पाव टक्का आणि एप्रिलमध्ये पाव टक्का कपात आधीच झाली होती, म्हणजे चार महिन्यांत दर 6.50 वरून 5.50 वर, एकूण एक टक्क्याने खाली आला. त्याच निवेदनात बँकांच्या रोख राखीव प्रमाणात चार टप्प्यांत एक टक्क्याची कपात जाहीर झाली, महागाईचा अंदाज 3.7 टक्क्यांवर आणला गेला, विकासदराचा अंदाज 6.5 टक्क्यांवर कायम राहिला आणि धोरणाचा पवित्रा ‘उदार’ऐवजी ‘तटस्थ’ करण्यात आला. सहा सदस्यांपैकी पाच जणांनी अर्ध्या टक्क्याच्या कपातीला मत दिले, तर एका सदस्याचा कल पाव टक्क्याकडे होता.

हे सर्व आपण छापलेत आणि छापायलाच हवे. मात्र ज्या घरातून दर महिन्याला हप्ता जातो, त्या घराच्या दृष्टीने यातल्या दोनच गोष्टींचे मोल आहे. पहिली अर्थात कपात. दुसरी म्हणजे पवित्र्यातला बदल, कारण लागोपाठच्या कपातींनंतर आता आणखी कपातीला फारसा वाव उरलेला नाही असे खुद्द गव्हर्नरांनी त्या दिवशी सांगितले होते आणि घराचे पुढचे अंदाजपत्रक मांडणाऱ्याला ते ठाऊक असणे आवश्यक होते. रोख राखीव प्रमाणातील कपातीने बँकांच्या हाती कर्ज देण्यासाठी जास्त पैसा राहतो आणि त्यांचा खर्च थोडा हलका होतो. जुन्या कर्जाच्या व्याजदरावर तिचा थेट परिणाम होत नाही. तरीही ‘दुहेरी दिलासा’ अशा शब्दांत ती कपात हप्त्याशी जोडली गेली.

आता हप्त्याकडे वळतो. माझे सगळे गाऱ्हाणे त्याच्याशी निगडित आहे.

आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एक शिक्षिका 2025 च्या जुलैच्या मध्यावर हातात वर्तमानपत्राचे कात्रण आणि बँकेच्या ॲपवरून काढलेले खातेपत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. कात्रणात एक तक्ता होता. 30 लाखांचे कर्ज, 20 वर्षांची मुदत, 9 टक्क्यांनी हप्ता 26,992 रुपये, 8 टक्क्यांनी 25,093 रुपये, फरक 1,899 रुपये. त्यांचे शिल्लक कर्जही 30 लाखांच्या आसपासच होते. त्या म्हणाल्या, “काका, पेपरात एकोणीसशे रुपये कमी होणार म्हटलंय, पण माझ्या खात्यातून या महिन्यातही तेवढेच गेले. बँकेने आम्हाला फसवलं का?”

बँकेने काहीही फसवले नव्हते. त्यांच्या कर्जाचा व्याजदर रेपो दर अधिक अडीच टक्के असा ठरलेला होता, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला 9 टक्के. जानेवारीच्या आरंभी 30 लाख रुपये मुद्दल आणि 180 हप्ते शिल्लक होते, हप्ता 30,428 रुपयांचा होता. करारानुसार व्याजदर दर तिमाहीच्या पहिल्या तारखेला बदलत होता. त्यामुळे फेब्रुवारीची कपात त्यांच्या कर्जाला 1 एप्रिलला लागू झाली, तर एप्रिल आणि जूनच्या कपाती 1 जुलैला एकदम लागू झाल्या आणि दर 8 टक्क्यांवर आला. मधल्या सहा महिन्यांत सहा हप्ते गेले होते, म्हणजे जुन्या हिशेबाने 174 हप्ते उरायला हवे होते. जुलैच्या पत्रकात ‘शिल्लक हप्ते’ या रकान्यात आकडा होता 157. हप्ता तोच राहिला होता, मात्र सतरा हप्ते नाहीसे झाले होते. ते पान त्यांनी आधी पाहिले होते, पण बातमीने त्यांना फक्त हप्त्याच्या रकमेकडे पाहायला शिकवले असल्याने शेजारचा रकाना नजरेआड राहिला होता.

बदलत्या दराच्या कर्जात बहुतेक ठिकाणी हेच घडते. व्याजदर खाली आला की बँक हप्ता आहे तसाच ठेवते आणि मुदत कमी करते, तर दर वर गेला की हप्ता शक्य असेल तोवर तसाच ठेवून मुदत वाढवते. खात्यातून आपोआप वजा होणारी रक्कम बदलावी लागत नाही, म्हणून व्यवहाराला ते सोपेही पडते. काही बँका हप्ताच बदलतात, आणि म्हणून आपल्या बँकेची पद्धत कोणती हे मंजुरीपत्रात पाहावे लागते. मात्र ‘हप्ता घटणार’ हे वाक्य सर्वांसाठी सरसकट लिहिणे बरोबर नाही. ते नव्याने कर्ज घेणाऱ्याच्या बाबतीत खरे असते. जुन्या कर्जदाराच्या बाबतीत बहुधा ‘मुदत घटणार’ हे खरे असते.

या दोहोंत पैशांचा फरक किती पडतो, हे याच शिक्षिकांच्या कर्जावरून सांगतो. 1 जुलै 2025 रोजी मुद्दल सुमारे साडेएकोणतीस लाख उरले होते. व्याजदर पुढे 8 टक्केच राहील असे धरले आणि हप्ता 30,428 रुपयेच ठेवला, तर जुन्या 9 टक्क्यांच्या हिशेबाच्या तुलनेत त्यांचे एकूण सुमारे 5 लाख 35 हजार रुपये वाचतात. त्याऐवजी बँकेकडे अर्ज करून 174 हप्ते कायम ठेवले आणि हप्ता कमी करून घेतला, तर तो सुमारे 28,694 रुपयांचा होतो. दरमहा 1,734 रुपये हातात राहतात, मात्र एकूण बचत 3 लाखांच्या आसपास थांबते. म्हणजे हप्ता कमी करून घेण्याची किंमत सुमारे 2 लाख 34 हजार रुपये, आणि ती पुढच्या साडेचौदा वर्षांत हळूहळू मोजावी लागते. कात्रणातला 1,899 चा आकडा यातल्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, कारण तो कोऱ्या वीस वर्षांच्या कर्जाचा आकडा आहे आणि त्यांच्या कर्जाची साडेचौदा वर्षेच उरली होती.

आणखी एक बाब त्यांच्या दृष्टीने या दोन्ही आकड्यांहून मोठी होती. त्या 2039 च्या मे महिन्यात निवृत्त होणार आहेत. जुन्या हिशेबाने शेवटचा हप्ता डिसेंबर 2039 मध्ये पडणार होता, म्हणजे पगार थांबल्यावरही सात महिने कर्ज चालू राहणार होते. नव्या हिशेबाने ते जुलै 2038 मध्ये संपते. हे कळल्यावर त्यांनी हप्ता कमी करण्याचा विचार सोडून दिला. दुसऱ्या एखाद्या घरात मुलाच्या शिक्षणाची फी किंवा वडिलांच्या औषधांचा खर्च समोर उभा असेल, तर दरमहा सतराशे रुपये हातात राहणे त्यांना जास्त मोलाचे वाटेल आणि तो निर्णयही तितकाच योग्य ठरेल. माझे मत विचाराल तर, ज्यांना आजचा हप्ता झेपतो त्यांनी तो तसाच ठेवावा, कारण दर पुन्हा वर गेला तर कमी झालेली मुदत थोडी वाढवून निभावता येते. पण निवड त्या घराची आहे आणि अशी निवड आपल्याला करता येते हे बातमीतून कळायला हवे.

ही निवड बँकेच्या मर्जीवर सोडलेली नाही. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, व्याजदर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्हींचा मेळ घालायचा हे निवडण्याचा पर्याय द्यावा लागतो. शिवाय मुदतीत कधीही कर्जाचा काही भाग किंवा पूर्ण कर्ज फेडण्याचा पर्यायही खुला ठेवावा लागतो. संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणानुसार स्थिर व्याजदराकडे वळण्याची सोय देणेही त्यात बंधनकारक होते, मात्र 1 ऑक्टोबर 2025 पासून ती द्यायची की नाही हे बँक ठरवते, आणि दिली तर तिचे शुल्क स्पष्ट सांगावे लागते. दर तिमाहीला एक पत्रक द्यावे लागते आणि त्यात आजवर भरलेले मुद्दल, भरलेले व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक व्याजदर हे साध्या भाषेत दिलेले असायला हवे. शिक्षिकांच्या हातातले पत्रक याच नियमामुळे अस्तित्वात आले होते.

हा नियम का करावा लागला, हे दर वाढताना काय झाले ते पाहिल्याशिवाय कळत नाही. मे 2022 पूर्वी रेपो दर 4 टक्के होता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात तो टप्प्याटप्प्याने 6.50 टक्क्यांवर गेला. समजा, एखाद्या कुटुंबाने 2022 च्या एप्रिलमध्ये रेपो अधिक अडीच, म्हणजे 6.50 टक्क्यांनी 30 लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी घेतले. हप्ता आला 22,367 रुपये. वर्ष पूर्ण होण्याच्या आतच त्यांचा व्याजदर 9 टक्के झाला, आणि 30 लाखांवर 9 टक्क्यांनी एका महिन्याचे नुसते व्याजच 22,500 रुपये होते. मधल्या काळात थोडेफार मुद्दल फिटले असले, तरी त्या हप्त्यातून मुद्दलाकडे जाणारी रक्कम जवळजवळ शून्यावर आली. हप्ता तोच ठेवला असता तर कर्ज कागदोपत्री पन्नास वर्षांतही फिटले नसते. म्हणून बँकांनी आधी मुदत नियमाच्या किंवा निवृत्तीच्या वयाच्या मर्यादेपर्यंत ताणली आणि मग हप्ता वाढवला. अनेक घरांना मुदत वाढल्याचे कळलेच नाही, कारण त्यांचा हप्ता काही महिने बदलला नव्हता आणि बातम्या फक्त हप्त्याविषयीच होत्या. या पार्श्वभूमीवर परिपत्रकाने असे बजावले की मुदत वाढवताना हप्ता त्या महिन्याच्या व्याजापेक्षा कमी पडून मुद्दल उलटे वाढत जाईल, अशी वेळ येऊ देऊ नये.

त्यामुळे 2025 च्या कपातींचा लाभ ज्यांना मिळाला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत ती कपात आधी वाढलेली मुदत मागे आणण्यातच खर्ची पडली असणार. मंजुरीपत्रावर लिहिलेली मूळ मुदत, आतापर्यंत भरलेले हप्ते आणि आज पत्रकावर दिसणारे शिल्लक हप्ते या तीन आकड्यांवरून कोणालाही ते तपासता येते. भरलेले आणि शिल्लक मिळून मूळ संख्येपेक्षा जास्त होत असतील, तर मुदत अजून पूर्णपणे मागे आलेली नाही. एवढे एक वाक्य दर कपातीच्या बातमीत छापले, तर वाचक त्याच दिवशी पत्रक उघडून पाहील.

आता दुसरा मुद्दा. कपात कोणत्या कर्जाला लागू होते? आपल्या बातम्यांत ‘गृहकर्जदार’ हा एकच गट असल्यासारखे लिहिले जाते. प्रत्यक्षात कर्ज कधी आणि कोणाकडून घेतले यावर सर्व अवलंबून असते. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी दिलेली नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मानदंडाशी जोडणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला आहे. या कर्जांचा दर निदान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावा लागतो, म्हणून रेपोतील बदल त्यांना जास्तीत जास्त तीन महिन्यांत लागू होतो. शिक्षिकांचे कर्ज याच प्रकारचे होते.

एप्रिल 2016 ते सप्टेंबर 2019 या काळातली बँक कर्जे सहसा एमसीएलआरशी जोडलेली आहेत. एमसीएलआर हा त्या बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावर ठरतो. ठेवींचे दर खाली आल्याशिवाय तो फारसा उतरत नाही, आणि गृहकर्जांना तो बहुधा वर्षातून एकदाच लागू होतो. ज्याच्या कर्जाची वार्षिक तारीख मे महिन्यात आहे, त्याला जूनच्या कपातीचा जो काही अंश मिळायचा तो पुढच्या मे महिन्यात मिळतो. त्याहून जुनी कर्जे बेस रेटवर आहेत आणि ती आणखी सावकाश हलतात. गृहवित्त कंपन्यांना तर बाह्य मानदंडाचा हा नियम लागूच नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ कर्जदरावर चालतो आणि तो किती व केव्हा कमी करायचा हे त्या ठरवतात. आपला सावकार बँक आहे की गृहवित्त कंपनी, हे नावावरून अनेकांना कळत नाही. तेही मंजुरीपत्रावर स्पष्ट लिहिलेले असते.

जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेटच्या बँक कर्जातून बाह्य मानदंडाकडे वळता येते. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड करताना वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, आणि ज्यांना असा दंड लागत नाही त्यांना हे स्थलांतरही वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्चाखेरीज शुल्काविना देण्याची तरतूद 2019 च्या परिपत्रकातच आहे. यासाठी शाखेत अर्ज द्यावा लागतो. बँक आपणहून ते करत नाही. माझ्या पाहण्यात असे अनेक कर्जदार आहेत, ज्यांनी प्रत्येक कपातीची बातमी उत्सुकतेने वाचली आणि जे आजही 2017 च्या कर्जावर बसून त्या कपातीची वाट पाहत आहेत. आपल्या बातमीत ‘2019 च्या ऑक्टोबरपूर्वी कर्ज घेतले असेल तर शाखेत चौकशी करा’ एवढे एक वाक्य असते, तर त्यांची ही वाट पाहणे कधीच संपले असते.

रेपोवर जो अधिभार चढतो, त्याबद्दल थोडक्यात. कर्ज देताना बँक रेपोवर किती टक्के जोडायचे हे स्वतः ठरवते. कर्जदाराच्या पतजोखमीपोटी जोडलेला भाग त्याच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बदलता येतो आणि इतर खर्चाचा भाग तीन वर्षांतून एकदाच. कर्जदाराच्या फायद्यासाठी मात्र हा दुसरा भाग तीन वर्षांच्या आतही कमी करण्याची मुभा 1 ऑक्टोबर 2025 पासून मिळाली आहे. नव्या ग्राहकांसाठी जाहिरातीत दिसणारा दर आपल्या दरापेक्षा बराच कमी असेल, तर रेपो दोघांनाही सारखाच असल्याने फरक या अधिभारातच असतो. तो कमी करण्याची मागणी लेखी करता येते. बातमीत ‘अमुक टक्क्यांपासून’ असे नव्या कर्जाचे जाहिरातीतले दर छापताना ते उत्तम पतगुण असलेल्या नव्या अर्जदारांसाठी आहेत, हे सोबत लिहावे अशी माझी विनंती आहे.

दर बदलत नाही त्या दिवसाच्या मथळ्याबद्दलही बोलायला हवे. 6 ऑगस्ट 2025 रोजी समितीने रेपो 5.50 वर कायम ठेवला आणि ‘दिलासा नाही’ असे सगळीकडे झळकले. पण त्या दिवशी असंख्य कर्जांना जूनची कपात अजून लागू व्हायची होती. रेपोशी जोडलेल्या ज्या कर्जांची तिमाही तारीख ऑगस्टच्या शेवटी येत होती आणि एमसीएलआरच्या ज्या कर्जांची वार्षिक तारीख ऑक्टोबर किंवा जानेवारीत होती, त्या सर्वांचा दर पुढच्या काळात खाली येणार होता. दर जैसे थे राहिलेल्या दिवशीही वाचकाला ‘आपली पुढची तारीख कोणती ते पाहा’ असे सांगता येते, आणि ती माहिती ‘दिलासा नाही’ या शब्दांपेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

आपण ही बातमी कशी लिहावी असे मला वाटते, हे सांगितल्याखेरीज ही तक्रार अपुरी राहील. म्हणून 6 जून 2025 च्या घोषणेचा सारांश गृहकर्जदारांसाठी मी असा लिहिला असता, आणि तो एका लहान चौकटीत मावतो:

‘रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने कमी करून 5.50 टक्के केला आहे. फेब्रुवारीपासूनची एकूण कपात एक टक्का झाली. ऑक्टोबर 2019 नंतर बँकेतून घेतलेल्या आणि रेपोशी जोडलेल्या गृहकर्जांना ही कपात त्यांच्या पुढच्या दरबदलाच्या तारखेला, म्हणजे जास्तीत जास्त तीन महिन्यांत लागू होईल. त्याआधीच्या बँक कर्जांना ती उशिरा आणि बहुधा अंशतः लागू होईल, अशा कर्जदारांनी रेपोशी जोडलेल्या दराकडे वळण्याबाबत शाखेत विचारावे. गृहवित्त कंपन्या आपला दर केव्हा बदलायचा हे स्वतः ठरवतात. बहुतेक कर्जांत हप्ता तोच राहील आणि शिल्लक हप्त्यांची संख्या कमी होईल, त्यामुळे पुढच्या तिमाही पत्रकात व्याजदर आणि शिल्लक हप्ते हे दोन आकडे पाहावेत. हप्ता कमी करून हवा असेल तर अर्ज द्यावा लागेल, त्यात एकूण व्याज जास्त जाते. धोरणाचा पवित्रा आता तटस्थ असल्याने लगेच आणखी कपात होईल असे धरून चालू नये.’

सोबतच्या तक्त्यातही एक बदल सुचवतो. आज आपण वीस वर्षांच्या कोऱ्या कर्जाचा जुना आणि नवा हप्ता छापता. त्याशेजारी ‘हप्ता तोच ठेवल्यास किती हप्ते कमी’ हा रकाना जोडावा आणि वीस वर्षांबरोबर शिल्लक पंधरा आणि दहा वर्षांच्याही ओळी द्याव्यात. गणित अवघड नाही, कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये NPER हे सूत्र तो आकडा देते. शिक्षिकांचे कर्ज असे मांडता येते:

```
=NPER(8%/12, -30428, 2949662)
```

उत्तर 156.4 येते, म्हणजे 156 पूर्ण हप्ते आणि शेवटचा अपुरा. हे सूत्र बातमीसोबत छापले, तर ज्यांच्या घरी महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, ती घरे आपला स्वतःचा आकडा दहा मिनिटांत काढतील. मात्र तीन गोष्टी वाचकाला सांगाव्या लागतील. मुद्दल म्हणून मूळ कर्ज न घालता आजची शिल्लक रक्कम घालायची. दर म्हणून जाहिरातीतला दर न घालता आपल्या पत्रकावरचा दर घालायचा. आणि सूत्राचे उत्तर पत्रकावरच्या शिल्लक हप्त्यांशी एखाद-दुसऱ्या हप्त्याच्या फरकाने जुळायला हवे. ते पाच-दहा हप्त्यांनी जुळत नसेल, तर बदललेला दर खात्याला लागलेला नाही किंवा वेगळ्या तारखेला लागला आहे, असे समजून पत्रक घेऊन शाखेत जावे.

5 डिसेंबर 2025 रोजी रेपो आणखी पाव टक्क्याने कमी होऊन 5.25 टक्के झाला, तेव्हाही मी आपल्यापैकी अनेकांच्या बातम्या वाचल्या आणि तक्ते पुन्हा वीस वर्षांच्या नव्या कर्जाचेच होते. ज्यांची तारीख जानेवारीच्या आरंभी होती त्यांचा दर एका महिन्याच्या आत बदलला असेल, तर ज्यांची तारीख डिसेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येऊन गेली होती, त्यांना मार्चपर्यंत थांबावे लागले असेल. यापुढच्या घोषणेच्या दिवशी वरील चौकट आणि शिल्लक हप्त्यांचा रकाना आपल्या बातमीत द्यावा, अशी विनंती आहे. आकडे तपासून देण्यासाठी मनुष्यबळ कमी पडत असेल तर माझ्यासारखे गृहकर्जाचे काम केलेले निवृत्त कर्मचारी प्रत्येक शहरात आहेत, आणि आपण विचारलेत तर ते आनंदाने मदत करतील.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे